डागांवरून पपई जास्त पिकल्याचे ठरत नाही

"सालीवर काळे डाग असलेली पपई जास्त पिकलेली असते, फोटो पाहूनच टाळावी," असे म्हटले जाते; पण ते नेहमी खरे नसते.

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील पिवळ्याधमक पपईवर दिसणारे कोरडे, सपाट तपकिरी ठिपके बहुधा चीक वाळल्याचे किंवा घासल्याचे असतात आणि आतला गर घट्ट असू शकतो. मात्र डाग खोलगट, कडेने पाणचट असून त्यावर बुरशी दिसत असेल, तर तिथे कूज सुरू झालेली असते. मऊपणा फोटोत कळत नाही. हातात घेतल्यावर पिकलेली पपई किंचित दबते, जास्त पिकलेलीत बोट रुततेच. कापलेल्या फळात केवळ लाली पाहू नये, कारण 'रेड लेडी' जातीच्या पपईचा गर मुळातच लालसर असतो; बियांच्या पोकळीलगत गर काचेसारखा, पाणी सुटलेला आणि फोडीची कड ढासळलेली दिसली, तर ती जास्त पिकली आहे.