सोयाबीन निघू द्या, मग देतो

मराठवाड्यात उधारीची तारीख कॅलेंडरात नसते, शिवारात असते. समजा, जालन्याच्या एका वर्कशॉपनं लातूरच्या डाळ मिलला हॉपर करून दिले. बिल 4 लाख 20 हजार. शेठ म्हणतात, "भाऊ, सोयाबीन निघू द्या." तूरडाळीच्या मिलचा सोयाबीनशी काय संबंध, हे विचारायचं नसतं.

वर्ष सरल्यावर टपरीवरचे सल्लागार म्हणतात, "लवाद लावा, झटपट होतं." लावा की! पण त्याला दोघांचा लेखी करार लागतो. बिलाच्या तळाशी छापलेलं 'जालना न्यायक्षेत्राच्या अधीन' म्हणजे लवादाचा करार नव्हे. करार सापडलाच, तर लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत 5 लाखांपर्यंतच्या दाव्याची नमुना फी 45,000 आहे. लवाद एकटाच असेल तर वर 25 टक्के. म्हणजे 56,250. एवढ्यात आणखी एक छोटा हॉपर झाला असता.

मग ताठ मानेनं कोर्टात जावं, तर दारातच अडवतात. 3 लाख आणि त्यावरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते. ती टाळून घातलेला दावा फेटाळावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. वकिलाचा उत्साह इथं कामाला येत नाही.

या मध्यस्थीला मात्र मी मनापासून मानतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे 1,000 रुपये भरून अर्ज करायचा. नोटीस ते काढतात. शेठ आले, तर या रकमेच्या वादाला नियमांप्रमाणे 15,000 फी, निम्मी निम्मी. मुदत तीन महिने, दोघं राजी असतील तर आणखी दोन. हा काळ दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत. शेठ आलेच नाहीत, तरी तसा अहवाल मिळतो आणि तोच दाव्याला जोडायचा.

जमलं, तर तडजोडीत हप्त्यांच्या तारखा आकड्यांत घाला आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह देय, हे वाक्य सोडू नका. सह्या झाल्या की नवा दावा नको, कोर्टातून थेट वसुली. 'जमेल तसे देऊ' एवढंच लिहिलंत, तर शेठना जमत नाही.

एक गोष्ट लोक उशिरा विचारतात. वर्कशॉप सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि माल देण्याआधीच 'उद्यम' नोंदणी झालेली असेल, तर अशा उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाता येतं. तिथं आधी समेट, तो फसला तर लवाद, तोही करारात कलम नसताना. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर शेठना आधी 75 टक्के रक्कम जमा करावी लागते. त्यासाठी पैसे बरोबर निघतात.