टेप डोक्यावर धरला तरी ती खिडकीत आलीच नाही

"ताई, रंकाळ्यावर सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून विचारलं तर ते रोमँटिक की चीप? तू तिकडं राहतीस, तिकडं काय म्हणतात सांग. इथं घरात भांडणं लागल्यात."

आत्येभावाचा हा मेसेज आला तेव्हा मी मँचेस्टरच्या पावसात बसस्टॉपवर उभी होते. फोन लावला तर सगळं रामायण कळलं. त्याच्या मित्रानं रंकाळ्याच्या कट्ट्यावर केक, स्पीकर, दहा पोरं आणि तीन मोबाईल असा सगळा लवाजमा घेऊन पोरीला विचारलं. ती लाजली, हो म्हणाली, टाळ्या पडल्या, व्हिडिओ झाला, आणि घरी गेल्यावर रात्री तिनं मेसेज टाकला की सॉरी, तिथं नाही म्हणता आलं नाही. आता अर्धे म्हणतात पोरीनं फसवलं, अर्धे म्हणतात पोरानं अडकवलं. आत्येभावाचं मत असं की हे सगळं हॉलिवूडनं शिकवलंय, आपल्यात असलं काय नव्हतं.

भावा, अर्धं बरोबर आहे तुझं. पण हॉलिवूडनं काय शिकवलं तेच नीट बघितलं नाही कुणी.

१९८९ चा 'से एनिथिंग' नावाचा सिनेमा आहे, त्यातला एक शॉट जगभर कॉपी झालाय. पोरगीनं सोडलंय, पोरगा पहाटे तिच्या घरासमोर कोट घालून उभा, टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला आणि त्यातून गाणं चालू. पोस्टरवर तेच, टीशर्टवर तेच, त्यामुळं सगळ्यांना वाटतं की टेप वाजला आणि पोरगी पाघळली. तर तसं काहीच होत नाही! ती आत पलंगावर पडून ते गाणं ऐकते आणि खिडकीत येतसुद्धा नाही, तो टेप घेऊन परत जातो. ती त्याच्याकडं येते ते नंतर, तिच्या वडिलांचा पैशाचा घोटाळा तिला कळतो, ज्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास होता तोच खोटा निघतो, तेव्हा ती स्वतःहून हा किकबॉक्सिंगची प्रॅक्टिस करत असतो तिथं जाऊन उभी राहते. म्हणजे सिनेमाचा सगळ्यात गाजलेला 'ग्रँड जेश्चर', प्रेम दाखवायचा मोठा देखावा, त्याच सिनेमात फेल गेलाय, आणि आपण शिकलो काय तर आवाज मोठा ठेवायचा.

माझ्या ऑफिसात एकजण आहे, एडिटिंग शिकलेली, कॅन्टीनमध्ये जेवताना तिनं मला एक युक्ती सांगितली. म्हणाली असला सीन आवाज बंद करून बघ, आणि पोरगा धावत सुटायच्या आधी कॅमेरा पोरीवर किती वेळा जातो ते मोज. एकटी जेवताना, फोन उचलून परत ठेवताना, कुणीतरी दुसरं हसलं की दचकताना. ते चारपाच शॉट प्रेक्षकाला आधीच सांगतात की हिचं उत्तर हो आहे, आता फक्त हा वेळेत पोचतो का एवढंच बघायचं. ते शॉट काढून टाकले तर तोच सीन भीतीदायक होतो, एक माणूस एका बाईच्या मागं पळतोय बस. रंकाळ्यावर नेमके तेच शॉट नव्हते. पोरीच्या मनात काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं, त्या पोराला तर त्याहून नाही.

दुसरी गोष्ट ती म्हणाली ती मला डीडीएलजेवर लावून बघितली तेव्हा पटली. जेश्चर मोठा असून भागत नाही, पहिल्या भेटीतली एखादी बारकी गोष्ट त्यात परत यावी लागते. लंडनमध्ये गाडी सुटते, सिमरन पळत येते, राज दारातून हात देतो, ती त्यांची पहिली भेट. शेवटी परत गाडी, परत दार, परत तोच हात (आणि तो पंजाब म्हणून दाखवलेला प्लॅटफॉर्म आपल्या रायगडातला आपटा स्टेशनचा आहे, मला हे कळलं तेव्हा मी उगाचच खूश झाले होते). पण नीट बघा, शेवटी राज काही मागत नाहीये, तो चाललाय. पळवून न्यायला तर त्यानं आधीच नकार दिलाय. जेश्चर बापाचा आहे, तो मनगट सोडतो.

आता 'मीट-क्यूट'चं, म्हणजे सिनेमात हिरो-हिरॉईनची पहिली गंमतशीर भेट होते तिचं म्हणाल, तर तो मुळात योगायोगाचा खेळ. १९३८ च्या एका अमेरिकन सिनेमात हिरोला दुकानात पायजम्याचा फक्त शर्ट हवा असतो आणि हिरॉईनला फक्त विजार, जोड फुटत नाही म्हणून ओळख होते. आणि त्याच १९३८ मध्ये आपल्या कोल्हापुरात हंस पिक्चर्सनं 'ब्रह्मचारी' काढला होता, ज्यात ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या पोराच्या मागं पोरगी लागते, पुढाकार सगळा तिचा! त्यामुळं 'आपल्यात असलं काय नव्हतं' हे कोल्हापूरच्या माणसानं तरी बोलू नये.

खरी अडचण अशी की आपल्याकडं योगायोगाला जागाच कमी, भेट ठरलेली असते, कांदेपोहे तयार असतात. म्हणून 'मुंबई-पुणे-मुंबई' मला अजून आवडतो. ती पुण्यात स्थळ बघायला आलीय तेही मनात नसताना, रस्त्यात एक पोरगा भेटतो, दिवसभर भांडतात, आणि शेवटी कळतं की बघायचा होता तो हाच. ठरवून केलेल्या भेटीच्या आतच योगायोग लपवलाय. माझी मैत्रीण मात्र म्हणते की त्यानं दिवसभर स्वतःची ओळख लपवली ती फसवणूकच, गोड चेहरा आहे म्हणून चालून गेलं. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

इकडं २०२३ मध्ये 'राय लेन' आला, लंडनच्या पेकहॅम भागातला. त्यात पोरगा संडासात बसून ब्रेकअपचं रडतोय आणि शेजारच्या संडासातून पोरगीला ऐकू येतंय, ही भेट! मग तो एक्सला भेटायला गेलेला असताना हीच त्याची गर्लफ्रेंड असल्याचं नाटक करून त्याची लाज राखते. वाचवायचं काम तिच्याकडं आणि रडायचं त्याच्याकडं, एवढी अदलाबदल केली तरी सिनेमा ताजा वाटतो.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं. काकूनं वाचलं आणि तिला वाटलं मी कांदेपोह्यांबद्दल विचारतेय. तिनं लिहिलं की तिच्या वेळी पोह्यात मीठ दोनदा पडलेलं, काकांनी एक शब्द न बोलता सगळी बशी संपवली आणि वर पाणी मागितलं नाही, आणि तिचं तिथंच ठरलं. बशीभर खारे पोहे, प्रेक्षक फक्त ती, कारण मीठ दोनदा पडलंय हे त्या खोलीत तिलाच माहीत होतं. आत्येभावानं त्यावर हसायचा इमोजी टाकला, त्याला काय कळलं देव जाणे.

तिकडं काय म्हणतात विचारलंस ना, तर इकडंपण चौकात गुडघ्यावर बसतात, लोक इकडंपण टाळ्या वाजवतात. पण मला माहितीयेत त्या जोड्यांनी लग्नाचं आधी घरी, सोफ्यावर, भाडं कोण किती भरणार यासकट बोलून घेतलेलं होतं, गुडघा नंतर. ज्यांनी तसं केलं नाही त्यांचे व्हिडिओ मला कोण दाखवणार म्हणा.

काल परत फोन आला. मित्राचा आता नवीन प्लॅन आहे, ती रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला चाललीय तर हा स्टेशनवर जाणार. म्हटलं अरे आपलं स्टेशन म्हणजे टर्मिनस, गाडी आधीच लागून उभी असते, धावायला काय मिळणार नाही त्याला. मग विचारलं, गाडी कुठली ते तिनं सांगितलं का?

"नाय, तिच्या मैत्रिणीकडनं काढली."

म्हटलं मग त्याला सांग, घरी बस.