‘टेस्टच केलं नाही’ म्हणणाऱ्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

“४९ रुपये देऊन पंचांगाचं विजेट घेतलं. लाँचरचं ग्रीड ५ बाय ६ केलं तर राहुकाळाची ओळ अर्धी कापली जाते. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, इतकं बेसिक टेस्टच केलं नाही हे लगेच कळतं. मेलला उत्तर नाही. दोन स्टार, तेही तिथी बरोबर आहे म्हणून.”

नमस्कार साहेब. ओळ कापली जाते हे खरंय, चूक आमची आहे, माफ करा. स्टोअरवर उत्तराला साडेतीनशे अक्षरंच देतात म्हणून इथं आमच्या पेजवर सविस्तर लिहितोय.

मेलचं आधी सांगतो. तुमचा मेल रात्री अकरा वाजून गेल्यावर आला, त्यात तो सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दिवस, गड्डा यात्रेच्या गर्दीतून घरी पोचायलाच आम्हाला बारा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी उत्तर पाठवलंय, एकदा स्पॅममध्ये बघा की. ते जाऊ दे.

पण ‘टेस्टच केलं नाही’ हे मात्र लागलं बघा. सोलापुरात एका खोलीत बसून आम्ही दोघंजण हे अ‍ॅप करतो, आणि ५ बाय ६ ग्रीडवर आम्ही टेस्ट केलं होतं, माझ्याकडं स्क्रीनशॉट आहेत, चारही ओळी पूर्ण दिसतायत. मग तुमच्याकडंच का कापली, म्हणून तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट समोर ठेवून दोन रात्री आकडेमोड केली. ती तुम्हालाच सांगतो, तुम्ही ह्याच धंद्यातले आहात.

विजेट ४ बाय २ असं आम्ही म्हणतो खरं, पण ग्रीडचं घर म्हणजे काही ठरलेलं माप नाही. माझ्या टेस्टच्या फोनवर ग्रीड ४ बाय ५ असताना विजेटला ३३६ बाय १७० डीपी, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीनच्या मापात, जागा मिळते. त्याच फोनवर ग्रीड ५ बाय ६ केलं की तेच ४ बाय २ विजेट २६८ बाय १४२ मध्ये येऊन बसतं. targetCellWidth आणि targetCellHeight मध्ये आम्ही ४ आणि २ दिलंय, त्यामुळं अँड्रॉइड १२ पासून पुढं टाकताना घरं तेवढीच मिळतात, पण आतली जागा होम स्क्रीन दाखवणारा लाँचर ठरवतो, आम्ही नाही.

आता आमच्या मोठ्या लेआउटला उंची किती लागते बघा. तिथीची ओळ ३० डीपी, खाली नक्षत्र, सूर्योदय-सूर्यास्त आणि राहुकाळ प्रत्येकी २२, म्हणजे ९६. (देवनागरीला वर मात्रा खाली उकार, ओळ इंग्रजीपेक्षा उंच होतेच, सुरुवातीला आम्ही इंग्रजी अक्षरं टाकून मापं काढली आणि फसलो, तो किस्सा वेगळा.) ओळींमधल्या तीन फटी ६-६ च्या म्हणजे १८, वरखाली पॅडिंग २४. सगळं मिळून १३८. जागा १४२. चार डीपी शिल्लक ठेवून बसलं, आम्ही खूश, टेस्ट पास.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या घड्याळाचे आकडे मोठे दिसले तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुमच्या सेटिंगमध्ये फॉन्ट साइज एक पायरी मोठी आहे, म्हणजे १.१५ पट. अक्षरं sp मध्ये, म्हणजे फॉन्ट साइजबरोबर वाढणाऱ्या मापात असल्यामुळं ९६ चे ११० झाले, पॅडिंग आणि फटी तेवढ्याच राहिल्या, एकूण १५२. जागा १४२ च. दहा डीपी कमी पडले ते सगळे शेवटच्या ओळीतून गेले, कारण LinearLayout वरच्या ओळींना आधी वाटून देतो आणि उरेल ते शेवटच्या पदरात. राहुकाळाला २५ हवे होते, मिळाले १५. जुन्या ४ बाय ५ ग्रीडवर हाच मोठा फॉन्ट १७० मध्ये आरामात बसत होता, म्हणून तुम्हाला वाटलं ग्रीड बदलल्यामुळंच बिघडलं. दोन्ही एकत्र आलं तेव्हा बिघडलं. आमच्या तिन्ही फोनवर फॉन्ट डिफॉल्ट होता, हे मात्र मान्य, तिथं आम्ही कमी पडलो.

फॉन्ट मोठा ठेवलात ही तुमची चूक असं मी म्हणत नाहीये, माझी आई तर त्याहून मोठा ठेवते. खरी चूक आमच्या कोडमध्ये होती. अँड्रॉइड १२ पासून, विजेट ज्यातून लाँचरकडं जातं त्या RemoteViews ला वेगवेगळ्या मापांचे लेआउट एकदम देता येतात, लाँचरकडं जेवढी जागा आहे त्यात बसणाऱ्यांपैकी सगळ्यात जवळचा तो निवडतो, काहीच बसत नसेल तर सगळ्यात लहान. आम्ही मोठ्या लेआउटचं माप लिहिलं होतं २५० बाय ११०. हे आलं जुन्या ‘७० गुणिले घरं वजा ३०’ ह्या सूत्रातून, चार घरांचे २५०, दोन घरांचे ११०. म्हणजे आमच्या लेआउटला लागतात १३८ आणि लाँचरला आम्ही सांगितलं ११० मध्ये भागतं. त्यानं विश्वास ठेवला बिचाऱ्यानं. तिथं माप घरांवरून नाही, आतल्या मजकुरावरून काढायला पाहिजे होतं, तेही फॉन्टचा गुणक धरून. आता असं केलंय:

```kotlin
val f = context.resources.configuration.fontScale
val views = RemoteViews(mapOf(
    SizeF(120f, 50f) to small,
    SizeF(240f, 36f + 74f * f) to medium,
    SizeF(240f, 42f + 96f * f) to full
))
```

मधला लेआउट नवीन आहे, तीन ओळींचा. तुमच्या फोनवर f म्हणजे १.१५, पूर्ण लेआउटला १५२ लागणार, १४२ मध्ये बसत नाही, मधल्याला १२१ लागतात, तो बसतो. काढायची कुठली ओळ ह्यावर आमच्या दोघांत भांडण झालं, शेवटी नक्षत्र काढलं, राहुकाळ ठेवला, कारण तक्रारी कायम राहुकाळाच्याच येतात, नक्षत्र नाही म्हणून अजून एकानंही मेल केलेला नाही. अर्धी ओळ दाखवण्यापेक्षा एक ओळ न दाखवलेली बरी.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो, नाहीतर परत स्टार जातील. फॉन्ट साइज बदलल्या बदलल्या आमच्या कोडला ते कळत नाही, विजेटचं पुढचं अपडेट होईल तेव्हाच नवीन मापं जातात, आणि सिस्टिम अर्ध्या तासाच्या आत आपणहून अपडेट देत नाही. विजेटवर एकदा टॅप केलंत तर लगेच होईल, ती सोय टाकलीय. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर हा मॅप चालतच नाही, तिथं onAppWidgetOptionsChanged मध्ये उंची बघून आम्हालाच लेआउट निवडावा लागतो, त्याचंही काम चालू आहे, होईल.

तोपर्यंत विजेट दाबून धरा आणि खालची कड एक घर खाली ओढा, तीन घरांत चारही ओळी मोठ्या फॉन्टसकट येतात. हेच मी त्या सकाळच्या मेलमध्ये लिहिलं होतं.

अपडेट बहुतेक ह्याच आठवड्यात येईल. ४९ रुपये परत पाहिजे असतील तर ऑर्डर नंबर पाठवा, देतो. नको असतील तर अपडेट आल्यावर एकदा बघा, स्टारचं तुमच्यावर सोडलं. आणि तिथी बरोबर आहे म्हणालात ना, ती रोज पहाटे उठून माझे वडील छापील पंचांगाशी ताडून बघतात, त्यांना तुमचं वाक्य वाचून दाखवलं.