मिररची दुसरी डिस्क पुसलेला फोल्डर परत देत नाही

दावा: "घरच्या नासमध्ये, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणाऱ्या डिस्कच्या खोक्यात, दोन डिस्क मिररला लावल्या की प्रत्येक फाइलच्या दोन कॉपी झाल्या. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच. चुकून काही डिलीट झालं तर रिसायकल बिन आहे. मग वेगळ्या बॅकअपवर पैसे कशाला घालायचे?"

डिस्क बंद पडण्याबद्दलचं वाक्य खरं आहे. रात्री एक डिस्क गेली तर सकाळी नास चालूच असतो. नवी डिस्क बसवायची, काही तास रिबिल्ड होऊ द्यायचं, की काम झालं. मिरर आहे तो एवढ्याचसाठी.

दोन कॉपींचं मात्र तसं नाही. मिररला फाइल नावाची गोष्ट माहीतच नसते. वरची फाइल सिस्टिम "या ब्लॉकवर हे लिही" म्हणते आणि मिरर ते दोन्ही डिस्कवर लिहितो. फोल्डर पुसणं हेसुद्धा डिस्कच्या दृष्टीने एक लिहिणंच, त्यामुळे तेही त्याच क्षणी दोन्हीकडे होतं. दुसऱ्या डिस्कवर "कालची" कॉपी कधीच नसते. फाइलवर चुकून दुसरं काही सेव्ह झालं किंवा रॅन्समवेअरने फोटो कुलूपबंद केले, तरी हेच घडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडच्या एका घरात ४ टीबीच्या दोन डिस्कचा नास आहे. लॅपटॉपवर जागा करायला बसलेल्या कुणीतरी नेटवर्क ड्राइव्हमधला ६० जीबीचा `munj-2019` हा फोल्डर लॅपटॉपवरची कॉपी समजून पुसला. तीन आठवड्यांनी आजीला अल्बम करून द्यायचा म्हणून शोधला, तेव्हा कळलं.

आता रिसायकल बिन. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. नासचं स्वतःचं बिन असतं, पण ते त्या शेअरसाठी, म्हणजे नेटवर्कवर दिसणाऱ्या त्या फोल्डरसाठी, चालू केलेलं असावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामं होतं, किंवा डिस्क भरली म्हणून घरातलंच कुणी रिकामं करतं. शिवाय त्याच नावाने वर सेव्ह झालेल्या फाइलची जुनी आवृत्ती त्यात सहसा मिळत नाही. काल दुपारच्या चुकीला ते पुरेल, तीन आठवड्यांपूर्वीच्या चुकीला त्याच्यावर विसंबू नये.

अशा चुकीतून सोडवतात ते स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणी डेटा जसा होता तशी जपलेली स्थिती. त्यासाठी सहसा बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइल सिस्टिम लागते, ईएक्सटी४ मध्ये स्वतःची अशी सोय नाही. म्हणून खोका घेतानाच हे विचारून घ्या. स्नॅपशॉट घेताना डेटाची कॉपी होत नाही. त्या क्षणी जे ब्लॉक वापरात होते, ते मोकळे करायचे नाहीत एवढंच ठरतं. रोजचा एक स्नॅपशॉट ३० दिवस ठेवलेला असेल, तर आपल्या उदाहरणात पुसण्याच्या आदल्या रात्रीचा अजून शिल्लक आहे. तो उघडायचा आणि फोल्डर बाहेर कॉपी करायचा. याची एक खूणही दिसते: ६० जीबी पुसूनही मोकळी जागा वाढत नाही, कारण स्नॅपशॉटने ते ब्लॉक धरून ठेवलेले असतात. "जागा का सुटेना?" म्हणून वैतागून स्नॅपशॉट उडवू नका, फोल्डर वाचवणारी गोष्ट तीच आहे.

पण स्नॅपशॉट राहतात त्याच डिस्कवर. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी तळमजल्यावरच्या खोक्यात दोन डिस्क असोत की चार, भिजतात सगळ्याच. त्यामुळे वेगळी डिस्क लागतेच, आणि ती दुसऱ्या घरी ठेवलेली हवी. पैसे मिरर आणि बॅकअप या दोन्हींपुरते नसतील, तर माझ्या मते एक डिस्क साधी चालवा आणि दुसरी बॅकअपला द्या. डिस्क गेली तर दोन दिवस नास बंद राहील, पण फोटो राहतील.

इथे आणखी एक खड्डा आहे. बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री `rsync --delete` चालवलं, तर पुसलेला फोल्डर त्याच रात्री तिथूनही जातो. म्हणजे तो मिररच झाला, फक्त एक दिवस उशिराचा. जुन्या आवृत्त्या जपणारा बॅकअप हवा. `restic` वापरत असाल, तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते असं सांगता येतं:

```
restic -r /mnt/usb/ghar forget --keep-daily 14 --keep-weekly 8 --keep-monthly 12 --prune
```

बॅकअप रोज होत असेल, तर तीन आठवड्यांनी रोजच्या १४ आवृत्त्यांमध्ये `munj-2019` नसेल, पण आठवड्यांच्या ८ मध्ये असेल. मर्यादाही लक्षात ठेवा: मंगळवारी तयार होऊन गुरुवारी पुसलेली फाइल आठवड्याच्या आवृत्तीत येतच नाही, ती सहसा १४ दिवसांतच शोधावी लागते.

हे सगळं लावल्यावर एखादा फोल्डर महिन्यापूर्वीच्या आवृत्तीतून वेगळ्या जागी काढा आणि त्यातले चार फोटो उघडून बघा. "बॅकअप यशस्वी" या संदेशावर थांबू नका. चुकीचा फोल्डर निवडलेला असला, तरी तो संदेश येतोच.