‘दहाला नव्वद’ देणारा बटरफ्लाय

“निफ्टी एक्स्पायरीला मॅक्स पेनवरच बंद होतो. तिथे बटरफ्लाय लावा. १० रुपये लावा, ९० मिळवा. दहापैकी दोनदा बरोबर आलं तरी फायदा. तोटा मर्यादित, शेअरमध्येही चालतं.”

हा मेसेज महिनाभर फिरतोय. मॅक्स पेन म्हणजे जिथे बंद झालं तर ऑप्शन घेणाऱ्यांच्या हातात मिळून सगळ्यात कमी पडतं तो भाव. मी दुर्लक्ष करत होतो. पण गेल्या रविवारी सातपूरच्या कारखान्यात लागलेला माझा भाचा घरी आला, चहा संपायच्या आत मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, “मामा, या वेळी बोनसचे सगळे टाकू का?” तेव्हा कागद-पेन काढावंच लागलं.

आधी ‘दहापैकी दोनदा’ बघू, कारण सगळी फसगत तिथे आहे. समजा निफ्टी २४,००० वर आहे आणि एक्स्पायरीला आठवडा आहे. २३,९०० ची एक कॉल घेतली, २४,००० च्या दोन विकल्या, २४,१०० ची एक घेतली. हाच बटरफ्लाय. चारही मिळून खर्च १० पॉइंट. आकृती तंबूसारखी दिसते. २३,९०० च्या खाली किंवा २४,१०० च्या वर गेलं की १० गेले. २३,९१० आणि २४,०९० ला ना नफा ना तोटा. आणि नव्वद? ते फक्त बरोबर २४,००० ला, तंबूच्या टोकावर. २४,०३० ला बंद झाला तर ६०, २४,०५० ला ४०, २४,०८० ला जेमतेम १०.

टोकावर नेमकं कोण पोहोचतं? निफ्टी तंबूत कुठेही बंद होऊ शकतो असं धरलं, तर हातात येणारी सरासरी रक्कम ५०, खर्च वजा जाता ४०. आता मेसेजचा हिशेब पुन्हा करा. दोनदा ४० म्हणजे ८०, आठदा १० गेले म्हणजे ८०. शिल्लक शून्य. ‘बरोबर आलं’ याचा अर्थ ‘टोकावर आलं’ असा गुपचूप धरल्यामुळे तिथे १०० चा फायदा दिसतो.

बरं, तो शून्य योगायोग नाही. आठवडाभर आधी हा बटरफ्लाय १० ला मिळतो, कारण बाजाराच्या अंदाजाने निफ्टी त्या तंबूत बंद होण्याची शक्यता साधारण २०% च आहे. स्वस्त आहे तो त्यामुळे. आणि हा शून्य खर्चाआधीचा. ऑप्शनमागे अर्धा पॉइंट जरी खरेदी-विक्रीच्या फरकात गेला, तरी चारांचे दोन पॉइंट जातात. दहाचे बारा झाले की २०% पुरत नाही, २४% लागते. ब्रोकरेज आणि कर निराळेच.

‘मग एक्स्पायरीच्या सकाळी घेतो, तेव्हा कुठे बंद होणार ते कळतं,’ हे भाच्याचं म्हणणं. कळतं, पण ते बाजारालाही कळतं. निफ्टी तेव्हाही २४,००० च्या आसपास असेल आणि दिवस शांत असेल, तर हाच बटरफ्लाय ३४ च्या आसपास पडतो. जास्तीत जास्त नफा ६६. म्हणजे एकाला नऊ सोडा, एकाला दोनही नाही, आणि तंबूत बंद व्हायला हवं जवळपास दोन तृतीयांश वेळा.

आता मॅक्स पेन. इथे अर्धं खरं आहे हे कबूल करतो, नाइलाजाने. स्ट्राइकजवळ भाव चिकटतो, ही नुसती अफवा नाही. नी, पिअर्सन आणि पोटेशमन यांचा २००५ चा निबंध जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्समध्ये आला होता. ज्यांवर ऑप्शन चालतात असे अमेरिकेतले शेअर एक्स्पायरीच्या दिवशी स्ट्राइकच्या जवळ जास्त वेळा बंद होतात, असं त्यात दिसलं. परिणाम किती, तर सरासरी किमान १६.५ बेसिस पॉइंट, म्हणजे ०.१६५%. २४,००० वर हे ४० पॉइंटही होत नाहीत, आणि ते शेअरबद्दल होतं, इंडेक्सबद्दल नव्हे.

कारण महत्त्वाचं आहे. ज्याच्याकडे त्या स्ट्राइकचे ऑप्शन खरेदी केलेले आहेत आणि जो हेज करतो, म्हणजे मूळ शेअर घेऊन-विकून आपला धोका झाकतो, तो भाव वर गेला की विकतो, खाली आला की घेतो. त्याने भाव स्ट्राइककडे ओढला जातो. पण हेज करणाऱ्यानेच ते ऑप्शन विकलेले असतील, तर तो उलट करतो आणि भाव स्ट्राइकपासून लांब ढकलला जातो. ओपन इंटरेस्टच्या आकड्यात किती करार उघडे आहेत ते असतं, हेज करणारा कोणत्या बाजूला आहे ते नसतं. मॅक्स पेन त्याच आकड्यावरून काढतात. म्हणून तोच स्ट्राइक एका आठवड्यात चुंबक असतो आणि पुढच्या आठवड्यात नसतो.

‘तोटा मर्यादित’ हे चारही पाय जागेवर असतील तरच. निफ्टी २४,१०० च्या वर गेला की भाच्यासारखी मंडळी वरची कॉल विकून ‘थोडे तरी सोडवू’ म्हणतात. उरतं काय? एक घेतलेली, दोन विकलेल्या. म्हणजे वर उघडी एक विकलेली कॉल, आणि तोट्याला छत नाही. शिवाय ‘१० रुपये लावा’ हेही खोटं. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर २% जादा मार्जिन लावलं आहे. दोन विकलेल्या कॉलवर ते ९६० पॉइंटइतकं होतं, दहाच्या खर्चासाठी.

शेअरमध्ये चालतं म्हणणाऱ्याला मात्र हात जोडतो. निफ्टीत रोख हिशेब होतो, शेअरमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी. भाव खालच्या आणि मधल्या स्ट्राइकच्या दरम्यान बंद झाला, तर तुमची खालची कॉल वापरली जाते आणि पूर्ण लॉटचे पैसे भरून शेअर उचलावे लागतात. आकृतीत तोटा मर्यादितच असतो, खात्यात मात्र लाखो रुपये लागतात.

मग हा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण चिकटण्याच्या भरवशावर नाही. मधल्या स्ट्राइकची कॉल आणि पुट मिळून, म्हणजे स्ट्रॅडल, काय भावाला आहे ते बघा. निफ्टी त्या स्ट्राइकवरच असेल तर बटरफ्लायची रास्त किंमत चटकन काढता येते: तंबूच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग, भागिले स्ट्रॅडल, भागिले ३.१४. स्ट्रॅडल ३२० असेल तर १०,००० भागिले ३२० भागिले ३.१४, म्हणजे १०. बाजाराने तोच भाव लावलाय.

आता प्रश्न एकच: उरलेल्या आठवड्यात ३२० पेक्षा कमी हालचाल होईल असं तुम्हाला का वाटतं? रिझर्व्ह बँकेचं धोरण नुकतंच जाहीर झालंय आणि प्रीमियम अजून उतरलेला नाही, असं काही ठोस कारण हवं. तुमचा आकडा २४० असेल तर रास्त किंमत १३ होते, आणि फरकासकट १२ ला पडलेल्या व्यवहारात एक पॉइंट उरतो. तेवढ्यासाठी मी हात लावत नाही. आकडा २१० च्या खाली येत असेल तर १५ होतात, मग विचार करण्यासारखं आहे.

आणि घेतलाच तर निफ्टी मंगळवारी २४,००० वर येईल अशी वाट बघताना शुक्रवारी निराश होऊ नका. बाजाराचे दोन दिवस बाकी असताना तो अगदी मध्यावर असला तरी हा बटरफ्लाय जेमतेम १५ चा असतो. ती तंबूची आकृती फक्त शेवटच्या क्षणाची आहे. बाहेर पडताना विकलेल्या दोन आधी परत घ्या, मग बाजूच्या दोन विका.

भाच्याने या बुधवारी स्ट्रॅडल बघितलं, भागाकार केला, बटरफ्लाय रास्त किमतीपेक्षा दीड पॉइंट महाग निघाला. बोनस अजून बँकेत आहे.