त्याग कुणी केला ते आधी बघा

«बारावी कॉमर्सवाल्यांनो, भागीदार प्रवेशाचं गणित दोन मिनिटांत! नव्या भागीदाराची ख्याती जुन्यांना जुन्याच प्रमाणात वाटा, त्याग प्रमाण काढत बसू नका. ख्याती रोख आणली नाही तर नोंदच नाही. आणि ख्याती म्हणजे शेवटच्या वर्षाचा नफा गुणिले खरेदी वर्षं. बस्स.»

लातुरात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या काही पोरांच्या वहीत हा मेसेज जसाच्या तसा उतरलेला दिसला. पंचाईत अशी की त्यातल्या निम्म्यांची उत्तरं बरोबर होती.

ती बरोबर का आली, ते बघू. समजा उदगीरला एक दालमिल आहे. दादा आणि अण्णा ३:२ प्रमाणात भागीदार आहेत आणि भाच्याला १/५ हिश्शानं आत घेतात. एवढंच दिलं असेल तर उरलेले ४/५ दोघांत ३:२ नेच वाटले जातात. दादाला १२/२५, अण्णाला ८/२५, भाच्याला ५/२५. दादाचा आधीचा हिस्सा १५/२५ होता, म्हणजे त्यानं ३/२५ सोडले. अण्णानं १०/२५ मधले २/२५ सोडले. त्याग प्रमाण ३:२ आलं, म्हणजे जुनंच. इथं चोरवाट चालून जाते.

आता गणितात एक ओळ वाढवा: नवीन प्रमाण २:२:१. अण्णा आधी २/५ वर होता, आताही २/५ वरच आहे. भाच्याचा अख्खा १/५ दादाच्या ताटातून गेला. मिलची ख्याती ३,००,००० धरली तर भाच्याच्या वाट्याची ६०,००० होते, आणि ती सगळी दादाची. मेसेजप्रमाणे गेलात तर काहीच न सोडलेला अण्णा २४,००० घेऊन बसतो. मोंढ्यात असा हिशेब मांडून बघा, दादा गप्प बसेल का?

याहून अवघड रूप म्हणजे नवीन प्रमाण ४:५:१. दादा ६/१० वरून ४/१० वर आला. अण्णा मात्र ४/१० वरून ५/१० वर चढला. इथं अण्णानं त्याग नाही, लाभ केला. म्हणून दादाचे ६०,००० दोघांनी मिळून द्यायचे: भाच्यानं ३०,००० आणि अण्णानं ३०,०००. अण्णाचं भांडवल खातं नावे पडतं. वजाबाकी उणे आली की पोरं चिन्ह पुसून टाकतात. ते उणे चिन्हच सांगत असतं की हा भागीदार देणेकरी आहे.

‘जुन्या प्रमाणात’ हे कुठून आलं असावं, याचा मला अंदाज आहे. सामान्य संचिती आणि पुनर्मूल्यांकनाचा नफा जुन्याच प्रमाणात वाटतात, कारण ती कमाई भाचा येण्याआधीची. ताळेबंदात आधीपासून ख्याती दिसत असेल तर तीही जुन्याच प्रमाणात अपलेखित होते. भाच्याची रक्कम मात्र पुढच्या नफ्यातल्या हिश्शाची किंमत आहे. ती हिस्सा सोडणाऱ्यालाच मिळणार.

दुसरं कारण जुन्या पद्धतीत आहे. तीत पूर्ण ३,००,००० ची ख्याती जुन्या प्रमाणात जमा करायचे आणि लगेच नव्या प्रमाणात नावे टाकायचे. २:२:१ वर करून बघा. दादाला १,८०,००० जमा, १,२०,००० नावे. अण्णाला १,२०,००० जमा, तेवढेच नावे. भाच्याला ६०,००० नावे. उरलं तेच, दादा अधिक ६०,०००. मेसेजवाल्यानं अर्धी पायरी उचलली आणि अर्धी सोडली. स्वतः कमावलेली ख्याती पुस्तकात मालमत्ता म्हणून उभी करायला लेखामानक २६ परवानगी देत नाही, म्हणून आता फरकाचीच नोंद करतात. पण ताळा म्हणून कच्च्या कामात ही रीत अजूनही झकास.

रोखीचं म्हणाल तर, भाच्यानं ६०,००० पैकी २५,०००च आणले तरी दादाचे ६०,०००च जमा होतात. उरलेले ३५,००० भाच्याच्या चालू खात्याला नावे. काहीच आणलं नाही तर सगळे ६०,००० नावे. नोंद खरोखर नसते ती एकाच वेळी: भाच्यानं रक्कम दादाच्या हातात खासगीत दिली, फर्मच्या पेटीत आलीच नाही. गणितात ‘खासगीरीत्या दिली’ हे शब्द शोधा.

मूल्यांकनात सरासरी नफा पद्धत, दोन वर्षांची खरेदी धरू. तीन वर्षांचे नफे १,३०,०००, १,४०,००० आणि २,२०,०००. शेवटच्या आकड्यात ४०,००० जुना टेम्पो विकून मिळालेले. ते दरवर्षी मिळणार नाहीत, म्हणून आधी वजा करायचे. बेरीज ४,५०,०००, सरासरी १,५०,०००, ख्याती ३,००,०००. (आग लागून झालेलं नुकसान असतं तर उलट मिळवलं असतं.) मेसेजप्रमाणे ख्याती ४,४०,००० होते आणि भाच्याचा पाचवा हिस्सा ८८,०००. म्हणजे २८,००० रुपये तो मुख्यतः एका विकून गेलेल्या टेम्पोपायी जास्तीचे मोजतो.