ऑलिव्ह तेल, आजोबांची तूप-भाकरी आणि हृदयविकार

"भूमध्यसागरी आहाराची सगळी ताकद ऑलिव्ह तेलात आहे. ते महागडं तेल आपल्या सांगली-साताऱ्यात कोण रोज वापरणार? त्यामुळं ते संशोधन आपल्या कामाचं नाही. आपल्या आजोबांनी आयुष्यभर तूप-भाकरी खाल्ली, त्यांना कुठं हार्ट अटॅक आला होता?"

असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यातला तेलाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. स्पेनमधील 'प्रेडिमेड' या चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या, पण तो अद्याप न झालेल्या ७,४४७ जणांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला भूमध्यसागरी आहारासोबत, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतल्या भाज्या, फळे, कडधान्ये आणि मासे असलेल्या जेवणासोबत, ऑलिव्ह तेल मोफत दिले. दुसऱ्या गटाला तोच आहार, पण तेलाऐवजी रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले. तिसऱ्या गटाला स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला दिला. सुमारे पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि या कारणांनी होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या दोन्ही गटांत तिसऱ्यापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि सर्वांत स्पष्ट फरक पक्षाघातात दिसला. ऑलिव्ह तेल तर तिथल्या तिसऱ्या गटाच्या स्वयंपाकघरातही होतेच. सगळी ताकद त्यातच असती, तर अक्रोड-बदाम खाणाऱ्यांना जवळपास तेवढाच लाभ का व्हावा?

या चाचणीत एक दोष होता, तोही सांगितला पाहिजे. काही ठिकाणी गट चिठ्ठीपद्धतीने नीट पाडले गेले नव्हते, म्हणून २०१३चा मूळ निबंध २०१८मध्ये मागे घेऊन, विश्लेषण नव्याने करून पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. निष्कर्षाची दिशा बदलली नाही, पण खात्रीची धार थोडी कमी झाली. पुढे २०२२मध्ये स्पेनमधल्याच कॉर्दोबा येथे, आधीच हृदयविकार असलेल्या १,००२ रुग्णांवर सात वर्षे चाललेल्या चाचणीतही हाच आहार कमी स्निग्धांशाच्या आहारापेक्षा सरस ठरला, त्यामुळे पाया भक्कम आहे.

दुसरा भक्कम आहार 'डॅश' हा अमेरिकेत रक्तदाब उतरवण्यासाठी आखलेला, आणि त्यात ऑलिव्ह तेलाला काही विशेष स्थान नाही. १९९७च्या चाचणीत ४५९ जणांपैकी एका गटाला आठ आठवडे भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये, बदाम-अक्रोडासारखे दाणे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही असे तयार जेवण दिले. वजन आणि मिठाचे प्रमाण मुद्दाम बदलू दिले नाही, तरी उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचे अमेरिकी जेवण घेणाऱ्या गटापेक्षा सरासरी ११ अंकांनी जास्त उतरला. मीठही कमी केल्यावर तो आणखी उतरतो, हे २००१मध्ये दिसले. मात्र डॅशचा पुरावा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचा आहे. झटके किती टळले हे मोजणारी मोठी चाचणी त्यावर झालेली नाही.

या दोन आहारांची तेले, धान्ये आणि चवी वेगळ्या आहेत. जुळते ते ताटाचे गणित. डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, अख्खे धान्य आणि दाणे भरपूर. लोणी-तुपासारखी घट्ट स्निग्धे, मैदा, साखर आणि प्रक्रिया केलेले मांस कमी. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि शेंगदाणे या गणितात सहज बसतात. शेंगदाणा शास्त्रदृष्ट्या बदाम-अक्रोडांच्या नव्हे, तर शेंगांच्या वर्गातला असला, तरी त्यातील स्निग्धांश बहुतांशी असंतृप्तच असतो. तुपातील निम्म्याहून अधिक स्निग्धांश मात्र संतृप्त, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारा, असतो.

आता आजोबा. आपल्याला आठवतात ते दीर्घायुषी झालेले आजोबा. जे पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, त्यांच्या मृत्यूला त्या काळी हृदयविकार हे नावही अनेकदा मिळाले नाही. शिवाय दिवसभर मोट आणि नांगरामागे चालणाऱ्या माणसाच्या भाकरीवरचे चमचाभर तूप आणि आज दुकानात बसून खाल्लेले तूप यांची तुलना करता येत नाही.

पलूसच्या माझ्या मामांचे ताट मी जवळून पाहिले आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे. सकाळी चहासोबत भडंग, दुपारी भरपूर भात आणि पातळ आमटी, रात्री भाकरी, सोबत लोणचे आणि पापड. नाव घरगुती जेवणाचे, पण कडधान्य जेमतेम आणि मीठ भरपूर. चार माणसांच्या त्या घरात महिन्याला सव्वा किलो मीठ लागे, म्हणजे माणशी दिवसाला दहा ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे, आणि पापड-भडंगातले मीठ या हिशेबात धरलेलेच नाही. मामींनी आमटी घट्ट केली, भात निम्मा करून मटकी किंवा हरभऱ्याची उसळ वाढली, भडंगाच्या जागी मूठभर बिनमिठाचे भाजलेले दाणे आणि एक पेरू आला, आणि लोणचे-पापड सणापुरते ठेवले. गोळी चालूच आहे. ती कमी करायची की नाही, हे डॉक्टर घरच्या नोंदी पाहून ठरवतील.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे ताट तसेच उचलू नये. फळे, भाज्या आणि कडधान्यांतील पोटॅशियम त्यांच्या रक्तात साचून हृदयाची लय बिघडू शकते, आणि कमी सोडियमच्या नावाने मिळणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते.